.env फाइल सार्वजनिक रिपोत गेली होती, आता काढली आहे. तरी लीडला सांगावं लागेल का?

कोरीवही (रविवार, सकाळी १०:०५)

इंटर्नशिपचा चौथा आठवडा संपला. एका क्लायंटच्या ऑर्डरींच्या ॲपवर काम करते आहे. ऑफिसने लॅपटॉप दिलाय, पण तो फार हळू चालतो. म्हणून शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास प्रोजेक्टचा फोल्डर दुसरीकडे कॉपी केला, `git init` आणि `git add .` करून माझ्या स्वतःच्या गिटहब खात्यावर टाकला आणि घरच्या लॅपटॉपवर उतरवून घेतला. रिपो प्रायव्हेट करायची राहून गेली.

आज सकाळी साडेनऊला पाहिलं तर `.env` फाइलसुद्धा वर दिसत होती. त्यात डेटाबेसचा पासवर्ड आहे. ऑफिसच्या रिपोत `.gitignore` होती, कॉपी करताना ती आलीच नाही. मी लगेच `.env` डिलीट करून नवीन कमिट पुश केलं आणि रिपो प्रायव्हेट केली.

रिपोला एकही स्टार नाही, माझं खातं कोणी फॉलो करत नाही. तरीही लीडना सांगावं का? आणि सांगायचं तर नेमकं काय सांगू? खूप घाबरले आहे.

झटपट (सकाळी १०:१४)

घाबरू नकोस. प्रायव्हेट केलंस ना, मग आता बाहेरच्या कुणाला काही दिसत नाही. शिवाय गिटहब पासवर्ड असलेली पुश स्वतःच अडवतं. तुझी अडवली नाही याचा अर्थ त्यात धोक्याचं काही सापडलं नसणार. सोमवारी सावकाश पासवर्ड बदलून घे, म्हणजे झालं.

रात्रपाळी (सकाळी १०:३१)

झटपट, गिटहबची ती सोय खरी आहे, पण तिला ठरावीक साच्याच्या किल्ल्या ओळखता येतात. मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या किल्ल्यांची सुरुवात ठरलेली असते, म्हणून त्या पकडल्या जातात. `DB_PASSWORD=` पुढे कोणीतरी स्वतः ठरवलेला शब्द असेल तर तो पासवर्ड आहे की आणखी काही, हे तिला बहुतेक वेळा कळत नाही. त्यामुळे पुश अडली नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

कोरीवही, डिलीट करून नवीन कमिट केलंस तरी जुन्या कमिटमध्ये फाइल जशीच्या तशी आहे. हे चालवून बघ:

```
git log --all --oneline -- .env
```

यादीत सगळ्यात खाली जो कमिट दिसेल त्यातून ती फाइल, रिपोची कॉपी असलेल्या कुणालाही वाचता येते. आणि स्टार-फॉलोअर नसणं ही काही आडोशाची जागा नाही. गिटहबवर काय काय नवीन सार्वजनिक होतंय त्याची यादी सतत उघडी असते आणि ती वाचत बसणारे प्रोग्राम आहेत. त्यांना तुझं नाव माहीत असायची गरज नाही. शुक्रवारी रात्री अकरा ते आज साडेनऊ म्हणजे साडेचौतीस तास झाले. पासवर्ड बाहेर गेला असंच धरून चाल.

आता तीन गोष्टी सांग. `.env` मध्ये एकूण कोणकोणत्या ओळी आहेत? (नावं सांग, `=` च्या पुढचं इथे लिहू नकोस.) डेटाबेसला घरून थेट जोडता येतं की व्हीपीएन लागतं? आणि रिपो कोणी फोर्क केली होती का?

एक विनंती. यापुढे काहीही डिलीट करू नकोस. रिपो नको, लॅपटॉपवरचा फोल्डरही नको. पुसावंसं वाटणं मी समजू शकते, पण काय गेलं हे ठरवायला त्याच गोष्टी लागणार आहेत.

सागरवाट (सकाळी १०:४०)

ऑफिसच्या लॅपटॉपला बिटलॉकर चालू आहे का ते आधी बघ. चालू असेल तर डिस्कवरचं कोणाला वाचता येणार नाही, निर्धास्त राहा. माझी स्वतःची बॅग गेल्या वर्षी बसमध्ये राहिली, लॅपटॉपसकट. लॅपटॉप बंद होता आणि एन्क्रिप्ट केलेला होता. रिकव्हरी की कंपनीच्या खात्यात जमा असल्यामुळे आयटीला तसं दाखवता आलं आणि क्लायंटकडचा प्रश्न तिथेच मिटला. माझ्या शेजारी बसणाऱ्याने मात्र तीच की कागदावर लिहून बॅगेतच ठेवली होती. त्याची बॅग गेली असती तर एन्क्रिप्शनचा काही उपयोग नव्हता.

रात्रपाळी (सकाळी १०:४६)

सागरवाट, तुमचा अनुभव हरवलेल्या लॅपटॉपसाठी अगदी बरोबर आहे. इथे मात्र लॅपटॉप तिच्याजवळच आहे, माहिती तिनेच बाहेर पाठवली. लॉगिन करून पुश केलं की फाइल उलगडूनच जाते, तिथे डिस्कच्या एन्क्रिप्शनचा संबंध राहत नाही. पण घरच्या लॅपटॉपचा मुद्दा यातून निघतो, त्याच्याकडे नंतर येऊ.

कोरीवही (सकाळी १०:५८)

ओळी अशा आहेत: डेटाबेसचा होस्ट, युजर, पासवर्ड, मग मेल पाठवायच्या सेवेचा युजर आणि पासवर्ड, आणि फाइल ठेवायच्या स्टोरेजची एक की. मी फक्त डेटाबेसचाच विचार करत होते.

घरून थेट जोडता येतं, व्हीपीएन लागत नाही. डेटाबेस स्टेजिंगचा आहे, प्रॉडक्शनचा नाही.

आणि फोर्क… कॉलेजच्या एका मित्राला एक एरर दाखवायची होती, त्याने शनिवारी फोर्क केलं होतं. पण आता माझी रिपो प्रायव्हेट झाली म्हणजे त्याचीही झाली ना?

रात्रपाळी (सकाळी ११:०२)

नाही. सार्वजनिक रिपो प्रायव्हेट केली तर तिचे आधीचे फोर्क सार्वजनिकच राहतात, ते फक्त तुझ्या रिपोपासून तुटतात. तुझी फाइल या क्षणी त्याच्या खात्यावर उघडी आहे. आत्ता त्याला फोन कर. मेसेज नको, फोन. आधी फोर्क प्रायव्हेट करता येतं का बघायला सांग. गिटहब करू देत नसेल तर फोर्क डिलीट करायला सांग, इथे माझी मघाची "काही डिलीट करू नकोस" ही सूचना लागू नाही. त्याच्या लॅपटॉपवर क्लोन असेल तर तो तसाच राहू दे, तो किती वाजता केला ते विचारून लिहून ठेव.

कोरीवही (सकाळी ११:१७)

खरंच उघडं होतं. प्रायव्हेटचा पर्याय मिळाला नाही, म्हणून माझ्यासमोर व्हिडिओ कॉलवर फोर्क डिलीट केला. क्लोन शनिवारी दुपारी चारला केला होता. ११:१४ ला पान बंद झालं, मी वेळ लिहून ठेवली.

मधलीसुट्टी (सकाळी ११:२०)

फोर्कचं हे मला दहा वर्षं काम करून माहीत नव्हतं.

तुझ्याकडे डेटाबेसचा ॲडमिन ॲक्सेस असेल तर मी म्हणेन आत्ताच पासवर्ड बदलून टाक. रविवार आहे, लीड कधी फोन उचलतील कोण जाणे. एकेक मिनिट महत्त्वाचं आहे.

रात्रपाळी (सकाळी ११:३३)

इथे माझं मत वेगळं आहे. एकटीने पासवर्ड बदलला तर तो वापरणारं ॲप, रात्री चालणारी कामं, कदाचित क्लायंटच्या बाजूचं काहीतरी बंद पडेल आणि कारण कुणालाच कळणार नाही. दुसरं म्हणजे तिला वाटेल की दार बंद झालं, आणि ते बंद झालेलं नसेल. तुमचा डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्यात पासवर्ड बदलला तरी आधीपासून जोडलेली कनेक्शनं तुटत नाहीत. कुणी शनिवारपासून आत बसलेलं असेल तर ते तसंच बसून राहील. बदलल्यानंतर ती वेगळी तोडावी लागतात:

```
SELECT pg_terminate_backend(pid)
FROM pg_stat_activity
WHERE usename = 'app_user'
  AND pid <> pg_backend_pid();
```

आणि हे करण्याआधी `pg_stat_activity` मध्ये कोणत्या पत्त्यांवरून कोण जोडलेलं आहे त्याची नोंद करून ठेवावी लागते, कारण तोडल्यावर ती माहिती जाते. हे सगळं या क्रमाने करायचं काम लीडचं किंवा सर्व्हर सांभाळणाऱ्याचं आहे. तुझं काम त्यांना जागं करायचं. लीड, मग मॅनेजर, मग सुरक्षेचा मेल आयडी असेल तर तो, याच क्रमाने फोन करत राहा.

मधलीसुट्टी (सकाळी ११:४१)

क्रम पटला. पण तीन तास कुणीच उचललं नाही तर? तेव्हाही तिने नुसतं बसून राहायचं, हे मला पटत नाही. निदान मेलचा पासवर्ड तरी बदलता येईल, त्याने ॲप पडणार नाही.

रात्रपाळी (सकाळी ११:४४)

तीन तास कुणीच उचलत नसेल तर तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. तिथे माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, ते कंपनीने आधी लिहून ठेवायला हवं. पण तिने अजून एकदाही फोन केलेला नाही.

कोरीवही, फोनवर बोलताना अंदाज नको, चारच वाक्यं पुरेत. शुक्रवारी रात्री अमुक वाजल्यापासून आज साडेनऊपर्यंत रिपो सार्वजनिक होती, फोर्क ११:१४ पर्यंत. त्यात या सहा ओळी होत्या. कॉपी कुठे कुठे आहेत: गिटहब, ऑफिसचा लॅपटॉप, घरचा लॅपटॉप, मित्राचा क्लोन. `.env` नव्या कमिटमध्ये काढली आणि मित्राने फोर्क डिलीट केला, बाकी काहीही पुसलेलं नाही. "बहुतेक कुणी बघितलं नसेल" हे वाक्य बोलू नकोस, ते तुला ठरवता येत नाही.

फोनच्या आधी एकच गोष्ट बघ. `.env` नजरेत आली म्हणून तिच्याबद्दल बोलतोय. त्या रिपोत आणखी काय काय गेलं त्याची पूर्ण यादी काढ:

```
git log --all --name-only --pretty=format: | sort -u
```

कोरीवही (दुपारी १२:०५)

`tests/data/sample_customers.csv` नावाची फाइल आहे. ती माझी नाही, आधीच्या इंटर्नने ठेवली असावी. मी उघडून बघितली. २०० ओळी आहेत, नाव, मोबाइल, पत्ता, शेवटची ऑर्डर. मला वाटलं होतं खोटी माहिती असेल, पण एका नावाची ऑर्डर स्टेजिंगमध्ये शोधली तर तशीच सापडली. म्हणजे खरे ग्राहक आहेत.

रात्रपाळी (दुपारी १२:१२)

मग प्रकरण बदललं. पासवर्ड बदलता येतो, तो आज संध्याकाळपर्यंत निरुपयोगी होईल. पण या २०० माणसांचे मोबाइल नंबर आणि पत्ते कुणी बदलून देऊ शकत नाही. त्यांना तुझ्या क्लायंटच्या नावाने, शेवटच्या ऑर्डरचा अचूक उल्लेख करून फसवणुकीचा फोन आला तर त्यांनी तो खरा मानावा अशीच ही माहिती आहे. आणि `.env` मधला मेलचा पासवर्ड त्याच्या जोडीला असेल तर तो मेल क्लायंटच्या खऱ्या पत्त्यावरून जाईल.

म्हणून हे आता तुझ्या आणि लीडच्या दोघांत मिटणारं राहिलं नाही, क्लायंटला कळवावं लागेल. कधी आणि कोणत्या शब्दांत, ते कंपनी ठरवेल. ग्राहक युरोपियन युनियनमधले असतील तर जीडीपीआरनुसार क्लायंटला त्यांच्या नियामकाकडे ७२ तासांत कळवायचं असतं, आणि तुमच्या कंपनीने क्लायंटला विनाविलंब सांगायचं असतं. इतर ठिकाणीही करारात मुदत लिहिलेली असू शकते. तू सोमवारी सांगितलंस तर तो एक दिवस त्यांचा जातो.

आता फोन कर. आणि स्टेजिंगमध्ये खरे ग्राहक आहेत, हेही सांग. "स्टेजिंग आहे, प्रॉडक्शन नाही" असं तू सकाळी लिहिलंस तेव्हाच मला विचारायचं होतं.

झटपट (दुपारी १२:२०)

मी सकाळी सोमवारपर्यंत थांब म्हणालो ते चुकलं. माफ कर.

दुपारचा_वारा (दुपारी १२:३४)

माझा थोडा वेगळा प्रश्न. आमच्याकडे मेंटॉरने सगळ्या इंटर्नना एकच डेटाबेस युजर दिला आहे, पासवर्ड चॅटमध्ये टाकलेला आहे. उद्या असं काही झालं तर कुणी केलं हे कसं कळणार?

रात्रपाळी (दुपारी १२:५०)

कळणार नाही. लॉगमध्ये सगळ्यांचं एकच नाव येईल आणि संशय सगळ्यांवर राहील. स्वतःच्या नावाचा, फक्त वाचता येईल असा युजर मागून घ्या. मागताना सुरक्षेचं व्याख्यान द्यायची गरज नाही. "मला फक्त रिपोर्ट काढायचे आहेत, लिहायचा ॲक्सेस नको" एवढं म्हटलं की पुरतं, बहुतेक लीड लगेच करून देतात. चॅटमधला पासवर्ड मात्र नवीन माणूस आला की त्यालाही जुने मेसेज वाचून मिळतो, तो बदलून पासवर्ड मॅनेजरमधून वाटायला सांगा.

कोरीवही (रात्री ९:४०)

सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

लीडनी दुसऱ्या फोनला उचललं. चार वाक्यं सांगितली, त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही, फक्त "२०० ओळी" ऐकल्यावर काही वेळ गप्प राहिले. अर्ध्या तासात सर्व्हर बघणाऱ्या ताई आणि मॅनेजर कॉलवर आले.

आधी बाहेरून डेटाबेसला जोडायचा रस्ता फायरवॉलवर बंद केला. मग जोडलेल्या कनेक्शनांची यादी साठवली, नवीन पासवर्ड ॲपमध्ये घातला, जुना बदलला, कनेक्शनं तोडली. स्टोरेजची नवी की बनवून जुनी रद्द केली. तिच्या लॉगमध्ये आमच्या पत्त्यांशिवाय कुणी दिसलं नाही.

मेलच्या सेवेत मात्र शनिवारी पहाटे २:१० ला अनोळखी पत्त्यावरून लॉगिन झालेलं आहे. मी पुश केल्यावर साधारण तीन तासांनी. मेल एकही गेलेला नाही. ताई म्हणाल्या, असे लोक पासवर्ड चालतो का हे आधी तपासून ठेवतात आणि नंतर वापरतात.

डेटाबेसमध्ये कोणी शिरलं का, हे सांगताच येत नाही. `log_connections` कधी चालू केलंच नव्हतं. मी विचारलं, "म्हणजे कुणी आलं नाही असं धरायचं का?" तर त्या म्हणाल्या, "आलं असं धरायचं."

रिपोचं ट्रॅफिक बघायचं होतं, किती क्लोन झाले ते. पण प्रायव्हेट केल्यावर माझ्या मोफत खात्यात ते पानच दिसत नाही. मी पुन्हा पब्लिक करू का विचारलं, सगळे एकदम नाही म्हणाले. खातं वरच्या योजनेत नेऊन बघता येईल का ते उद्या ठरणार आहे, नोंद १४ दिवसच राहते म्हणून घाई आहे.

क्लायंटला मॅनेजरने संध्याकाळी फोन केला. मी त्या कॉलवर नव्हते.

मधलीसुट्टी (रात्री ९:५२)

शाबास. रिपोचा इतिहास पुसायचं काय ठरलं? `git filter-repo` वापरून `.env` आणि ती सीएसव्ही काढता येईल.

रात्रपाळी (रात्री १०:१०)

काढता येईल, पण चौकशी संपल्यावर. आणि त्याने तिच्या रिपोतला इतिहास साफ होतो, दुसऱ्याने घेतलेली कॉपी नाही. गिटहबवर जुना कमिट त्याच्या क्रमांकाने उघडतो का, हेही तपासून सपोर्टला सांगून काढून घ्यावं लागतं. खरं महत्त्वाचं काम आज झालंय, त्या किल्ल्या मेल्या आहेत. ऑफिसच्या मूळ रिपोतही ती सीएसव्ही असणार, आधीच्या इंटर्नच्या काळापासून. ती तिथून काढून पुढच्या चाचण्यांसाठी बनावट माहिती तयार करा. पायथन असेल तर `Faker` ने दहा मिनिटांत २०० ओळी होतात. खऱ्या ओळींमधली नावं तेवढी बदलून वापरू नका, मोबाइल आणि पत्ता तसाच राहिला तर माणूस ओळखू येतो.

कोरीवही (रात्री १०:२६)

एक प्रश्न उरलाय. आयटीवाल्यांना उद्या माझा घरचा लॅपटॉप बघायचा आहे. तो एन्क्रिप्ट केलेला नाही आणि भाऊही वापरतो. त्यात आमचे घरचे फोटो, भावाची कागदपत्रं आहेत. द्यावा का?

सागरवाट (रात्री १०:३३)

स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू आहे, मी दिला नसता. फोल्डर त्यांच्यासमोर डिलीट करून दाखव, तेवढं पुरे.

रात्रपाळी (रात्री १०:५१)

पूर्ण लॅपटॉप ताब्यात देणं मलाही योग्य वाटत नाही, पण नुसतं समोर डिलीट करणंही पुरेसं नाही. फोल्डर रिसायकल बिनमध्ये जातो, आणि एखादी क्लाउड सेवा डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स आपोआप वर चढवत असेल तर तिथेही एक कॉपी आणि तिथल्या कचऱ्यात आणखी एक असते. आधी तो फोल्डर अशा जागी होता का ते बघ. मग आयटीला लिहून विचार की त्यांना नेमकं काय तपासायचं आहे, आणि तुझ्यासमोर, तुझ्या लॅपटॉपवर बसून तेवढंच तपासतील का. कंपन्यांचे याबद्दलचे नियम सारखे नसतात, तुझ्या करारात काय लिहिलंय ते आज रात्री वाच.

दुपारचा_वारा (रात्री ११:०४)

तो फोल्डर डेस्कटॉपवर होता का?

कोरीवही (रात्री ११:१२)

हो. आणि डेस्कटॉप सिंक होतो. आत्ता फोनवर उघडून बघितलं, सीएसव्ही तिथेही आहे. लीडना मेसेज टाकते आहे.